रात्रपाळीच्या सिस्टरचं दिवसा झोपण्यावरचं गाणं: तपशील आणि अक्षरं

प्रश्न: बहीण कोल्हापुरात नर्स आहे, सध्या नाईट चालू आहे. तिच्या दिवसाच्या झोपेवर गाणं लिहितोय, पण ‘थकले डोळे, हरवली झोप’ यापुढे सरकत नाही. बारीक तपशील कसे आणायचे?

उत्तर: ‘थकले’ हा शब्द काढून टाका आणि ती घरी आल्यावर तिच्या अंगावर काय दिसतं ते बघा. नाकावर मास्कची रेघ, घोट्यावर मोज्यांचा वळ, सलाईनची टेप फाडून बोटांना राहिलेला डिंक. डिंक साबणाने लवकर जात नाही, म्हणून तो उशीला लागतो. एवढ्यात सगळी रात्र आली.

गाण्याला अष्टाक्षरी घ्या. ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. केरव्याच्या आठ मात्रांवर ती सरळ बसते. ‘घोट्यावर मोज्यांचा वळ’ ही ओळ सुचते, पण मोजली तर नऊ भरतात. शिवाय शेवटी ‘ळ’ आल्याने गाणाऱ्याला सूर धरायला जागाच राहत नाही. ‘वळ घोट्याच्या भोवती’ केलं की आठ होतात आणि ‘ती’ लांबवता येते. मोजा गेला तरी चालतं, घोट्याभोवतीचा वळ कशाचा ते कळतंच.

वळ घोट्याच्या भोवती
डिंक टेपचा बोटाला
उन्ह खाटेच्या वरती
शिट्टी आली कुकराला

पहिल्या दोन ओळी अंगावरच्या, पुढच्या दोन खोलीतल्या. कडव्यागणिक असंच ठेवलंत तर ऐकणारा तिच्याजवळच राहतो.

वेळ सांगायला घड्याळ नको. खिडकी पूर्वेची असेल तर तिच्यावर लावलेल्या चादरीच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी आधी समोरच्या भिंतीवर पडते. सूर्य वर चढेल तशी ती खाली उतरत खाटेवर येते, मग फरशीवरून खिडकीकडे सरकते आणि दुपारी जाते. तीन कडव्यांत तीन जागा दाखवा. खिडकी पश्चिमेची असेल तर हे सगळं उलटं होईल, तेव्हा आधी बहिणीची खोली बघून घ्या.

झोप मोडण्याचं कडवं अकरा-बाराच्या सुमाराला ठेवा. सकाळपासून शरीराचं तापमान चढत असतं, त्यामुळे आवाज नसला तरी दिवसाची झोप लवकर तुटते. इथे बरेच जण सगळा दोष घंटागाडीला आणि बेलला देतात, आणि गाणं तक्रारीचं होतं. जाग आपोआप आलेली दाखवा: उशीखालचा हात मुंग्या येऊन जड झालाय, घसा कोरडा पडलाय, आणि फ्रिजचं बीप तिला वॉर्डातल्या सलाईनच्या पंपाच्या अलार्मसारखं वाटतंय.

शेवटच्या कडव्यात संध्याकाळ आणा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी धारेला उभ्या राहतात, तेव्हा ती अंबाड्याला पिना लावत असते. पिना तिथे मोजून लिहा, चार असतील तर चारच. ‘चार पिना अंबाड्याला’ मोजून बघा, आठच भरतात.