रक्तात कमी पडलेले एक प्रथिन

“मॅडम, माझ्या दादाने जन्मात कधी विडी-सिगारेट ओढली नाही. वय अवघे 39, तरी एम्फिसिमा हा फुप्फुसांचा आजार झाला आणि आता डॉक्टर म्हणतात की हे आनुवंशिक आहे. मग मलाही होणार का?”

सोलापुरातल्या यंत्रमागावर काम करणाऱ्या दादाचा दम सुताच्या धुळीने लागतो, असे समजून काही वर्षे दम्याचेच उपचार झाले. पण फुंकून करायच्या तपासणीत औषधाचा पंप घेऊनही आकडे सुधारले नाहीत, आणि सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांचा खालचा भाग जास्त खराब दिसला. धूम्रपानाने सहसा वरचा भाग आधी बिघडतो. तेव्हा कुठे रक्तातले अल्फा-1 अँटिट्रिप्सिन हे प्रथिन तपासले गेले, ते 90 च्या पुढे असायला हवे तिथे 21 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर निघाले. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना जे विकर सोडतात, त्याला यकृतात तयार होणारे हे प्रथिन आवर घालते. ते अपुरे पडले की तेच विकर फुप्फुसाच्या पातळ भिंती खाऊ लागते. धूळ आणि धूर अशा पेशींना फुप्फुसात आणखी ओढून आणतात, म्हणून धूळ निर्दोष नव्हती, पण मूळ कारणही नव्हती.

दादाला जनुकाची सदोष प्रत आई आणि वडील दोघांकडून आली होती. त्यामुळे प्रत्येक भावंडाला दोन्ही प्रती सदोष मिळण्याची शक्यता चारात एक, आणि एकच मिळण्याची चारात दोन असते.

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आलेल्या ताईंची पहिली पातळी 96 आली आणि घरात सुटकेचा श्वास टाकला गेला. मला मात्र तो आकडा पटेना, कारण त्या आठवड्यात त्यांना ताप-खोकला होता आणि शरीरात दाह असताना हे प्रथिन तात्पुरते वाढते. बरे झाल्यावर केलेल्या तपासणीत ते 68 आले, आणि जनुकीय चाचणीत एक प्रत सदोष निघाली. याचा अर्थ त्या वाहक आहेत. धूम्रपान न करणाऱ्या वाहकाची फुप्फुसे सहसा नीट राहतात, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

धाकटा भाऊ 34 वर्षांचा, कसलाही त्रास नसलेला, आणि त्याच्या मात्र दोन्ही प्रती सदोष निघाल्या. फुप्फुसांची तपासणी अजून उत्तम असल्याने त्याने मागावरचे काम सोडून चादरींच्या दुकानात काम धरले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. आता त्याची फुप्फुसे आणि यकृत दर वर्षी तपासले जातील.

दादाच्या मुलांना एक सदोष प्रत मिळालेलीच आहे. दुसरी आली का, हे वहिनींवर अवलंबून होते. वहिनी दादाच्या सख्ख्या मामाची मुलगी, म्हणून त्यांची चाचणी आम्ही लांबवली नाही. त्यांच्या दोन्ही प्रती निर्दोष आल्या, त्यामुळे दोन्ही मुले वाहकच आहेत.