चियांग माईला निघण्याआधी पहिल्या पाच वर्षांचा हिशोब

प्रश्न: "दादा, मी लातूरचा, वय 51. पुण्यातली नोकरी सोडून बायकोसह कायमचं थायलंडमधल्या चियांग माईला यायचं म्हणतोय. जवळ 4 कोटी आहेत, जवळपास सगळे इक्विटी म्युच्युअल फंडांत. वर्षाला 20 लाख लागतील. सरासरी 12 टक्के धरले तर एक्सेलमध्ये पैसा संपतच नाही. औशाजवळ सहा एकर शेतीही आहे. निघू का?"

निघा, पण सगळा पैसा इक्विटीत ठेवून निघू नका. तुमच्या एक्सेलला दरवर्षी सारखेच 12 टक्के मिळतात. बाजार तसे कधीच देत नाही. पगार चालू होता तोवर चांगली वर्षं आधी आली काय नि नंतर आली काय, फारसं बिघडत नव्हतं. आता त्याच पैशातून घर चालणार म्हटल्यावर वर्षांचा क्रमच महत्त्वाचा ठरतो.

तुमचेच आकडे घेऊ. समजा पाच वर्षांत बाजाराने अनुक्रमे उणे 35, उणे 5, अधिक 20, अधिक 25 आणि अधिक 30 टक्के दिले. काहीच काढलं नाही, तर 4 कोटींचे साधारण 4 कोटी 82 लाख होतात, क्रम उलटा केला तरी तेवढेच. आता दरवर्षी सुरुवातीला 20 लाख काढा. चांगली वर्षं आधी आली तर पाचव्या वर्षाअखेर जवळ 3 कोटी 99 लाख उरतात. वाईट वर्षं आधी आली तर 3 कोटी 23 लाख. वर्षं तीच, काढलेला पैसाही तोच एक कोटी, आणि फरक 76 लाखांचा. त्यात मी खर्चाची महागाई धरलेलीच नाही.

मी जालन्याकडचा, म्हणून मला हे मोसंबीवरून समजतं. 2012-13 च्या दुष्काळात आमच्याकडे बागाच्या बागा वाळल्या आणि लोकांनी झाडं तोडली. पुढे पाऊस बरा झाला, पण तोडलेल्या झाडाला त्याचा काय उपयोग? पडलेल्या भावात विकलेल्या युनिटचंही तसंच आहे. बाजार वर येतो तेव्हा ती तुमच्याकडे नसतात.

परदेशात राहणाऱ्याला यात आणखी एक फटका बसतो, आणि तो लोक विसरतात. 8 जानेवारी 2008 ला सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला होता. मार्च 2009 मध्ये तो 8,200 च्याही खाली आला. त्याच काळात डॉलर साधारण 39 रुपयांवरून 51 च्या पुढे गेला. हा योगायोग नाही. परदेशी गुंतवणूकदार भारतातले शेअर विकून डॉलर घेऊन निघतात, तेव्हा बाजार आणि रुपया दोन्ही एकाच वेळी पडतात. तुमचं घरभाडं थाई बाटमध्ये असणार. रुपया असा घसरला की 20 लाखांचा खर्च 24 लाखांवर जाऊ शकतो, आणि तोही नेमका फंड तळाला असताना.

उपाय म्हणजे विकायची वेळच येऊ नये इतकी राखीव रक्कम. वरचाच वाईट क्रम घ्या, पण 60 लाख एफडीत ठेवा आणि पहिली तीन वर्षं त्यातूनच जगा. इक्विटीतल्या 3 कोटी 40 लाखांना चौथ्या वर्षापर्यंत हात लावायचा नाही. एफडीचं व्याज शून्य धरलं तरी पाचव्या वर्षाअखेर 3 कोटी 51 लाख उरतात, म्हणजे 28 लाख जास्त. उलट, चांगली वर्षं आधी आली तर याच व्यवस्थेमुळे 15 लाख कमी उरतात. तो या संरक्षणाचा हप्ता समजा. मी तो खुशीने भरेन.

तुम्हाला मात्र मी तीन नाही, चार वर्षांचा खर्च राखीव ठेवायला सांगेन. कारण 2008 ची पातळी सेन्सेक्सने नोव्हेंबर 2010 मध्ये गाठली खरी, पण तो पुन्हा घसरला आणि तिच्यावर टिकला तो 2014 मध्ये. म्हणजे 80 लाख. त्यातले निम्मे बाटमध्ये आणि निम्मे भारतातल्या मोठ्या बँकांच्या एफडीत. एक-दीड टक्का जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्था आणि मल्टिस्टेट यांच्या नादी लागू नका. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. मराठवाड्यातल्या ठेवीदारांना हे वेगळं सांगायला नको.

बाटमधला भाग भारतात रहिवासी असतानाच पाठवायला लागा. रहिवाशाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, वसूल करते. रिटर्न भरल्यावर तो परत मिळतो किंवा करात वळता होतो, तोवर पैसा अडकतो. मर्यादा नवरा-बायकोला वेगवेगळी आहे. म्हणून दोघांनी मार्चआधी दहा-दहा आणि एप्रिलनंतर दहा-दहा लाख पाठवले, तर 40 लाख टीसीएसशिवाय इकडे येतात. एनआरआय झाल्यावर एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या रुपयांतल्या खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, तिथे हा टीसीएस नाही, पण सीएच्या दाखल्याची कागदपत्रं आली.

थायलंडच्या निवृत्ती व्हिसासाठी तिथल्या बँकेत ठेवायचे 8 लाख बाट या राखीव रकमेत धरू नका. वार्षिक मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने ते खात्यात पूर्ण असावे लागतात, आणि उरलेल्या काळात 4 लाखांच्या खाली जाता येत नाही. म्हणजे त्यातला निम्मा पैसा नाहीच समजा, आणि बाकीचा वापरला तरी पुढच्या अर्जाआधी भरून काढावा लागतो. मंदीत नेमकं तेच जमत नाही.

दुसरा उपाय खर्चात आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. राखीव रक्कम नसलेल्या त्या वाईट क्रमात दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी 20 ऐवजी 15 लाखांत भागवलंत, तर वाचवता 10 लाख, पण पाचव्या वर्षाअखेर 19 लाख जास्त उरतात. चियांग माईत हे शक्य आहे. शहराच्या मध्यातलं घर सोडून बाहेर जायचं, गावाकडची वर्षाची फेरी एकावर आणायची. आरोग्य विम्याला मात्र हात लावू नका.

कधी आवळायचं हे दर एप्रिलला एका भागाकारावरून कळतं: येत्या वर्षाचा खर्च रुपयांत, भागिले त्या दिवशीची एकूण रक्कम. आज तुमचं उत्तर 5 टक्के आहे, आणि 51 व्या वर्षी हेसुद्धा मला जास्तच वाटतं. साडेचारला बसलात तर बरं. वरच्या वाईट क्रमात एकाच वर्षानंतर हे उत्तर 8 टक्क्यांवर जातं. 6 ओलांडलं की खर्च कमी करायचा आणि फक्त राखीव रकमेतून जगायचं. राखीव रक्कम पुन्हा भरायची ती फंड मागच्या एप्रिलपेक्षा वर असेल तेव्हाच.

औशाची जमीन राखीव रकमेत मोजू नका. सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतील तर प्रत्येकीची सही, फेरफार, मोजणी, मग गिऱ्हाईक. दुष्काळी वर्षात तर भावही येत नाही. ठोक्याने लावली तर वर्षाला जे येईल ते गावाकडच्या खर्चाला वापरा. विकली तर मात्र एनआरआय झाल्यावर पुन्हा शेतजमीन विकत घेता येत नाही.

सुरुवात राजीनाम्याआधी करा. 80 लाखांची युनिटं एकदम विकलीत तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के कर लागतो, म्हणून काही या मार्चआधी आणि काही एप्रिलनंतर विका. पगार चालू असताना बाजार पडला, तर जाणं वर्षभर पुढे ढकलता येतं. एकदा नोकरी सोडली की ती सोय राहत नाही.