उसाच्या फडात उभं राहून फडाचा आकार कसा कळतो?

प्रश्न: आमच्या खानापूर भागात पावसाळा सरला की रात्री आकाशगंगा दिसते. ती पट्ट्यासारखीच का दिसते? आणि आपण तिच्या आतच असू, तर तिचा आकार बाहेर न जाता कसा कळला?

उत्तर:

पट्टा दिसतो कारण आकाशगंगेतले बहुतेक तारे एका चपट्या तबकडीत आहेत आणि आपला सूर्य त्याच तबकडीत आहे. तबकडीच्या पातळीत कुठेही बघा, नजरेच्या रेषेत हजारो प्रकाशवर्षांचे तारे एकामागे एक येतात. ते सुटे दिसत नाहीत, त्यांचा मिळून पांढरट उजेड होतो. पातळी सोडून वर किंवा खाली बघितलं की तबकडी लगेच संपते, म्हणून तिथे तारे विरळ. हा पट्टा आकाशाचे जवळपास दोन सारखे भाग करतो. आपण तबकडीच्या बरेच वर असतो तर असं झालं नसतं, सगळा उजेड एकाच बाजूला लोटलेला दिसला असता. म्हणजे आपण तिच्या मधल्या पातळीजवळच आहोत, हे नुसत्या डोळ्यांनीही कळतं.

खरी अडचण पुढे आहे. तबकडीत आपण नेमके कुठे? विल्यम हर्शेलने १७८५ मध्ये दुर्बिणीतून निरनिराळ्या दिशांना तारे मोजले आणि नकाशा काढला. त्यात सूर्य मध्याजवळ आला. मोजणीत खोट नव्हती, आड आली ती धूळ. पट्ट्याच्या मधोमध जे काळे डाग आणि फाटे दिसतात, ती ताऱ्यांमधली रिकामी जागा नाही. ते धुळीचे ढग आहेत, मागचा उजेड अडवणारे.

आपल्याकडच्या उसाच्या फडात आत शिरा, म्हणजे हर्शेलचं काय झालं ते कळेल. चारी बाजूंना सारखाच आठ-दहा हात ऊस दिसतो, आणि वाटतं की आपण फडाच्या मधोमधच आहोत. पण उसाच्या शेंड्यांवरून बांधावरचे माड दिसत असतील, तर ते कुठल्या बाजूला जवळ आणि कुठल्या बाजूला लांब यावरून आपली जागा काढता येते.

हार्लो शॅप्लीला १९१८ मध्ये असेच 'माड' सापडले, ते म्हणजे गोलाकार तारकागुच्छ. एकेका गुच्छात लाखभर किंवा त्याहून जास्त तारे दाटीने असतात, आणि यातले बरेच गुच्छ तबकडीच्या वर-खाली, धुळीबाहेर आहेत. ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले नाहीत. धनू राशीच्या बाजूला त्यांची चक्क गर्दी आहे. शॅप्लीचं म्हणणं असं, की गुच्छ आकाशगंगेच्या केंद्राभोवती पसरलेले असणार. ते एकाच बाजूला जास्त दिसतात, याचा अर्थ आपणच कडेला आहोत.

अंतर काढण्याची रीत समजायला स्वातीच्या वायव्येचा एम ३ हा गुच्छ घेऊ. त्यात दोनशेहून जास्त रूपविकारी तारे आहेत, म्हणजे ज्यांचा उजेड ठराविक काळाने कमी-जास्त होतो असे. त्यातल्या एका जातीच्या ताऱ्यांची खरी तेजस्विता साधारण सारखी असते. ताऱ्याचा उजेड 'प्रती'त मोजतात, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. असा तारा ३२.६ प्रकाशवर्षांवर ठेवला तर त्याची प्रत सुमारे ०.६ भरेल. एम ३ मध्ये तो १५.६ प्रतीचा दिसतो. फरक १५ प्रतींचा. पाच प्रती म्हणजे शंभरपट, तेव्हा पंधरा प्रती म्हणजे दहा लाखपट मंद. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणून अंतर हजारपट, म्हणजे सुमारे ३२,६०० प्रकाशवर्षं. आजचं मापही याच्या आसपासच आहे.

शॅप्लीला केंद्राची दिशा बरोबर सापडली, अंतर मात्र फुगलं. त्याने सुमारे ६५,००० प्रकाशवर्षं सांगितली, आज आपण सुमारे २६,००० धरतो. फुगण्याचं एक कारण पुन्हा धूळच. धुळीने तारा मंद दिसतो आणि मंद तारा लांबचा वाटतो. रॉबर्ट ट्रम्पलर या खगोलशास्त्रज्ञाने १९३० मध्ये धुळीचा हा परिणाम दाखवून दिला, त्यानंतर मापं सुधारत गेली.

सर्पिल भुजा, म्हणजे केंद्राभोवती गुंडाळत बाहेर जाणारे ताऱ्यांचे आणि वायूचे पट्टे, त्याहून उशिरा कळल्या. १९५१ मध्ये हायड्रोजन वायूच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी पकडता आल्या. त्यांना धूळ अडवत नाही, त्यामुळे तबकडीच्या लांबच्या भागांतला वायू टिपता येऊ लागला. तरी केंद्राच्या पलीकडची बाजू आजही सगळ्यात कच्ची आहे, आणि मुख्य भुजा दोन की चार यावर वाद आहेच. छायाचित्र म्हणून जी बाहेरून दिसणारी आकाशगंगा फिरते, ते मापांवरून काढलेलं चित्र असतं, हे ध्यानात ठेवा.

तुम्ही खानापूरकडचे, म्हणजे बेळगावच्या दिव्यांपासून लांब. ऑक्टोबरात अमावस्येच्या सुमारास, अंधार पडला की लगेच नैऋत्येला बघा. पट्टा धनूत रुंद आणि उजळ दिसेल, केंद्र त्याच बाजूला. हिवाळ्यात सारथी या तारकासमूहाजवळ तोच पट्टा फिका वाटतो, कारण तिकडे आपण तबकडीच्या बाहेरच्या कडेकडे बघत असतो. साधी द्विनेत्री असेल तर पूर्वाषाढाच्या ताऱ्यांच्या किंचित ईशान्येला एम २२ शोधा. धूसर ठिपका दिसेल. तो शॅप्लीच्या गुच्छांपैकीच एक, सुमारे १०,००० प्रकाशवर्षांवरचा.