जुनं गिऱ्हाईक उधारीची मुदत वाढवून मागतंय, नाही कसं म्हणायचं?

«वेंगुर्ल्यात आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. पुण्याचे जुने दुकानदार दिवाळीला २०० किलो काजूगर मागतायत, पण ३० ऐवजी ९० दिवसांची उधारी हवी म्हणतात. संबंध न तोडता नाही कसं म्हणू?»

९० दिवसांना नाही म्हणा, पण त्याच फोनवर पर्यायही द्या: ४० टक्के आगाऊ, बाकी नेहमीसारखं ३० दिवसांत.

समजा भाव ८०० रुपये, म्हणजे माल १,६०,००० चा. बँकेचं व्याज १२ टक्के धरलं तर वाढीव ६० दिवसांचे साधारण ३,१५० रुपये होतात. तेवढं एकवेळ सोसता येईल. खरी अडचण पुढे आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर गेलेल्या मालाचे पैसे ९० दिवसांनी जानेवारीत येणार, आणि ते महिनाभर लांबले (लांबतातच) की नव्या बीची खरेदी तोंडावर येते. बागायतदार बी रोखीनेच देतो. किलोभर गराला साधारण चार किलो बी लागते, तेव्हा ही रक्कम अडकली तर हंगामाच्या सुरुवातीलाच हात आखडता घ्यावा लागेल.

४० टक्क्यांचे ६४,००० आधीच आले तर फोडणी-सोलणीची मजुरी, डबे आणि बीचा काही खर्च निघतो. त्यांनाही काहीतरी मिळायला हवं, म्हणून भाव बांधून द्या. दिवाळीच्या तोंडावर भाव चढतील ही धास्ती त्यांनाही असतेच. फोन झाला की लगेच लेखी पाठवा:

«शेठ, ९० दिवसांची मुदत आम्हाला झेपणार नाही. ६४,००० आधी जमा केलेत तर २०० किलो तुमच्या नावाने बाजूला ठेवतो, भाव ८०० च राहील. उरलेले ९६,००० माल मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यावेत. रक्कम जमा झाली की डबे भरायला घेतो.»

शेवटचं वाक्य गाळू नका. बोलण्यावर डबे भरले की माल तुमच्या गळ्यात आणि घासाघीस त्यांच्या हातात. पुढच्या तारखेचा चेक म्हणजे आगाऊ रक्कम नव्हे. पैसे आले की पावती द्या. मालाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी नाही, तो बिलावर लागतो.

तुमची उद्यम नोंदणी असेल तर एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. जुन्या माणसाला पहिल्याच फोनवर हे सुनावू नका. फारच ताणलं तर «आमचे सीए ४५ च्या वर जाऊ देत नाहीत» एवढं पुरे.

४० ला तयार नसतील तर २५ टक्क्यांवर या, दिवस मात्र वाढवू नका. मग माल १००-१०० किलोच्या दोन खेपांत पाठवा आणि पहिल्या खेपेचे पैसे दुसरी निघायच्या आधी मागा.