पाय मुरगळला की हाड मोडलं?

प्रश्न: आई काल जिन्यावरून घसरली. घोटा सुजलाय, पण बोटं हलतात. म्हणजे हाड शाबूत आहे ना? शेक देऊ का?

शेक देऊ नका, आणि बोटं हलतात यावर विसंबू नका. बोटं ओढणारे मोठे स्नायू वर पोटरीत असतात, त्यामुळे घोट्याचं हाड तडकलं तरी बोटं हलू शकतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. या एका समजुतीपायी मोडक्या हाडावर आठवडाभर चाललेली माणसं माझ्याकडे आली आहेत.

पाय मुरगळतो तेव्हा हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, म्हणजे लिगामेंट, ताणले किंवा फाटले जातात. लचक भरते ती स्नायूत. तिथे सांध्यापेक्षा मांसल भागात, उदाहरणार्थ पोटरीत, कळ येते आणि तो स्नायू ताणला की वाढते.

घोट्याला सूज तर मुरगळणं, लचक आणि मोडलेलं हाड या तिन्हींत येऊ शकते, म्हणून सूज बघण्यापेक्षा बोटाने दाबून बघा. घोट्याच्या बाहेरच्या आणि आतल्या उंचवट्याची मागची कड, टोकापासून वर चार बोटं, हळूहळू दाबा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध लागणारं हाडाचं टोक आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दाबा. यातल्या एका जरी जागी नेमकं हाडावर दुखलं, किंवा पडल्या-पडल्या अथवा आत्ता लंगडत चार पावलंही टाकता येत नसली, तर एक्स-रे काढाच.

आमच्या शेजारच्या काकू ओल्या पायरीवरून घसरल्या, पाऊल आत वळलं. त्या चालत होत्या, घोट्याची हाडं दाबली तरी तक्रार नव्हती. पण पावलाच्या बाहेरच्या कडेचं ते टोक दाबताच ओरडल्या. एक्स-रेत तिथेच फ्रॅक्चर निघालं. चार पावलं चालता आली म्हणून थांबलो असतो, तर चुकलो असतो.

तुमच्या आईचं वय साठीच्या आसपास असेल, किंवा मधुमेहाने पाय बधिर असतील, तर दाबून दुखलं नाही तरी एक्स-रे काढा.

तोवर बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधा. बोटं निळसर, गार पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करा. पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. पहिले दोन-तीन दिवस शेक आणि चोळणं दोन्ही बंद, त्याने सूज वाढते. लचक असली तरी सुरुवातीला हेच करायचं.

हाडाचा संशय असेल तर बँडेज आवळू नका, पाय आहे तसाच ठेवा. मऊ उशी पावलाखालून पोटरीपर्यंत गुंडाळून ओढणीने बांधली की चांगला आधार होतो. त्या पायावर भार न देता दवाखान्यात न्या. पाय वाकडा दिसत असेल, जखमेतून हाड दिसत असेल किंवा बोटं गार, पांढरी पडली असतील, तर सरळ करायला जाऊ नका. जखमेवर स्वच्छ फडकं ठेवा, खायला-प्यायला देऊ नका (ऑपरेशन लागू शकतं) आणि १०८ ला फोन करा.