ग्लायकोलिक झेपत नसेल तर ग्लुकोनोलॅक्टोन
"७% ग्लायकोलिकचं टोनर लावलं की गाल चरचरतात, नाकाच्या कडेला सालं निघतायत. आता साधं मॉइश्चरायझरही झोंबतं. पीएचए गटातलं सौम्य अ‍ॅसिड घेऊ का? १०% ग्लुकोनोलॅक्टोन म्हणजे अजून कडक नाही का?"

मी डॉक्टर नाही, पण हे सगळं भोगलंय. आकड्यावर जाऊ नका. ग्लुकोनोलॅक्टोन पाण्यात विरघळलं की हळूहळू त्याचं ग्लुकॉनिक अ‍ॅसिड होतं. ते ग्लायकोलिकपेक्षा फारसं कमजोर नसतं. फरक आहे रेणूच्या आकारात. ग्लायकोलिकचा रेणूभार ७६, ग्लुकोनोलॅक्टोनचा १७८. छोटा रेणू पटकन आत घुसतो आणि झोंबतो, मोठा वरच्या थरातच रेंगाळतो. शिवाय त्याच वजनात मोठे रेणू कमी मावतात, त्यामुळे १०% ग्लुकोनोलॅक्टोनमध्ये ७% ग्लायकोलिकच्या जेमतेम साठ टक्के रेणू असतात. त्यात ते पाणी धरून ठेवतं, म्हणून चेहरा ओढल्यासारखा होत नाही.

सौम्य म्हणजे संथही. खडबडीतपणा, निस्तेजपणा याला छान. पण हातापायाच्या जाड त्वचेवर मला ग्लायकोलिकच बरं वाटतं. ब्लॅकहेडसाठी दोन्ही सोडा, तेलात विरघळणारं सॅलिसिलिक बघा.

आता माझा राग. एका क्लिनिकमध्ये (नाव घेत नाही) मला ग्लायकोलिकचा पील केला. मी तेव्हा रोज रात्री अडॅपलीन, म्हणजे रेटिनॉलच्या जातीचं औषध, लावत होते. फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता, कुणी तोंडीही विचारलं नाही. अडॅपलीनने आधीच नाजूक झालेल्या त्वचेत अ‍ॅसिड सगळीकडे सारखं मुरत नाही. नाकपुडीच्या खाचेत आणि ओठांच्या कोपऱ्यात, जिथे द्रव साचतो, तिथे पांढरट डाग उठले. मी "जळतंय" म्हटलं तर उत्तर आलं, "थोडं होतंच." पांढरं दिसताक्षणी पील उतरवायला हवा होता. पुढे तिथे खपल्या धरल्या आणि मग तपकिरी डाग पडले, ते महिनोन्‌महिने गेले नाहीत. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर जळजळ झाली की डाग मागे राहायची भीती असतेच. तक्रार केली तर "सनस्क्रीन लावलं नसेल"! म्हणून पार्लर असो की क्लिनिक, रेटिनॉल, अडॅपलीन, ट्रेटिनॉइन यातलं काही लावत असाल तर आपणहून सांगा.

तुमचं साधं मॉइश्चरायझर झोंबतंय, म्हणजे इतक्यात पीएचएसुद्धा नको. आधी सगळी अ‍ॅसिडं बंद. सौम्य फेसवॉश, साधं क्रीम, सनस्क्रीन एवढंच. झोंबणं पूर्ण थांबल्यावर ग्लुकोनोलॅक्टोन आठवड्यातून दोन रात्री, आधी जबड्याखाली लावून बघून. ग्लायकोलिकने त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. ग्लुकोनोलॅक्टोनने तसं फारसं होत नाही म्हणतात, तरी सनस्क्रीन सोडू नका. सालं वाढली किंवा ओल आली तर सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

आणि हो, टोफू घट्ट करायला जी जीडीएल पावडर मिळते ती म्हणजे हेच ग्लुकोनोलॅक्टोन. स्वस्त पडतं म्हणून ती घरी पाण्यात कालवून चेहऱ्याला लावू नका. पीएच किती उतरतोय ते कळत नाही, आणि पाण्यात पडल्यावर तो तासन्‌तास घसरतच राहतो.