समायोजित मध्यमान कसे वाचावे?

प्रश्न: पूर्वचाचणीत माझ्या प्रायोगिक गटाचे मध्यमान २४ आणि नियंत्रित गटाचे २० होते, उत्तरचाचणीत ते ३३ आणि २८ आले. दोन्ही गटांची विद्यार्थीसंख्या सारखी आहे. सहप्रसरण विश्लेषण केल्यावर एसपीएसएस मात्र ३२ आणि २९ दाखवते. हे आकडे कुठून आले, आणि प्रबंधात कोणते लिहू?

उत्तर: दोन्ही जोड्या लिहा, मात्र गटांची तुलना ३२ आणि २९ यांच्यावरून करा. ३३ व २८ ही विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष मिळवलेल्या गुणांची मध्यमाने आहेत. ३२ व २९ ही अनुमाने आहेत: पूर्वचाचणीत २२ गुण, म्हणजे सर्वांच्या सरासरीइतके गुण, असलेल्या विद्यार्थ्याला त्या त्या गटात उत्तरचाचणीत सरासरी किती गुण अपेक्षित आहेत, एवढेच ती सांगतात. तक्त्याखालच्या तळटीपेत `Covariates appearing in the model are evaluated at the following values` या शब्दांपुढे हाच २२ छापलेला असतो.

तुमच्या आकड्यांवरून उतार ०.५ निघतो. म्हणजे एकाच गटातल्या दोन विद्यार्थ्यांत पूर्वचाचणीत एका गुणाचा फरक असेल, तर उत्तरचाचणीत सरासरी अर्ध्या गुणाचा फरक दिसतो. प्रायोगिक गट २२ च्या २ गुण वर होता, म्हणून ३३ − ०.५ × २ = ३२; नियंत्रित गट २ गुण खाली होता, म्हणून २८ + ०.५ × २ = २९. हा उतार गटांच्या आतला असतो. सगळे विद्यार्थी एकत्र करून काढलेला उतार येथे चालत नाही.

नुसती उत्तरचाचणी पाहिली तर फरक ५ येतो, प्रत्येक गटाची वाढ (९ आणि ८) पाहिली तर १. पहिल्यात उतार शून्य धरलेला असतो, दुसऱ्यात १. सहप्रसरण विश्लेषण तो माहितीवरून ठरवते, म्हणून ३. त्यामुळे ‘प्रायोगिक गट ३ गुणांनी अधिक सुधारला’ असे लिहू नका; ‘पूर्वचाचणीत सारखे गुण असताना प्रायोगिक गट ३ गुणांनी पुढे’ असे लिहा आणि सोबत विश्वास-अंतराल द्या.

त्याआधी दोन्ही गटांचे उतार साधारण समान आहेत का, हे गट आणि पूर्वचाचणी यांची आंतरक्रिया प्रतिमानात घालून व आलेख काढून तपासा. रेषा समांतर नसतील, तर ३ हा फरक फक्त २२ गुणांपाशी खरा ठरतो. १५ वा ३० गुणांपाशी तो वेगळा असेल.

गट यादृच्छिक पद्धतीने पाडले असतील, तर हे पुरेसे आहे. तयार तुकड्या घेतल्या असतील (आपल्याकडच्या शैक्षणिक प्रयोगांत बहुधा तसेच असते), तर १ आणि ३ यांतला विरोध गंभीर ठरतो. फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ मध्ये मांडलेला विरोधाभास तो हाच. शिवाय पूर्वचाचणीची विश्वसनीयता कमी असेल, तर उतार खऱ्यापेक्षा कमी निघतो आणि समायोजन अपुरे पडते. खरा उतार ०.७ असता, तर फरक ५ − ०.७ × ४, म्हणजे २.२ च आला असता. तुमच्या बाबतीत ही त्रुटी आधीच पुढे असलेल्या प्रायोगिक गटाच्या बाजूने झुकते; म्हणून पूर्वचाचणीचा विश्वसनीयता गुणांक त्याच तक्त्याखाली नोंदवा.